साठीत गुडघे दुखायला लागले: ऑपरेशन लगेच करायचं की थांबायचं? आणि थांबलात तर त्या वेळात काय करायचं?

फेसबुकवर 'गुडघेदुखी' एवढा एक शब्द शोधून बघा. पुढचे काही दिवस तुम्हाला दोन प्रकारच्या जाहिराती दिसत राहतील. एक म्हणते, "ऑपरेशनशिवाय गुडघेदुखी कायमची बंद." दुसरी म्हणते, "रोबोटिक सांधेबदल, दुसऱ्या दिवशी चालायला लागा." घरातल्या साठीच्या आई-बाबांचा प्रश्न मात्र या दोन्हींच्या मधला असतो. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन लागेल. शेजारचे म्हणतात, इतक्यात नको. मग आत्ता करायचं की पुढे ढकलायचं?

या प्रश्नाचं उत्तर फक्त वयावर किंवा फक्त एक्स-रेवर ठरत नाही. थांबलेल्या वेळात तुम्ही काय करता, यावर ते बरंचसं अवलंबून असतं. ते कसं, हे समजून घेऊया.

हा प्रश्न आत्ता इतका चर्चेत का?

ऑक्टोबर 2000 मध्ये तेव्हाचे पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या गुडघ्यावर मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली आणि 'नी रिप्लेसमेंट' हा शब्द देशभर पोहोचला. ऑगस्ट 2017 मध्ये केंद्राच्या औषध किंमत नियामकानं कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. सर्वाधिक वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा तोपर्यंत सरासरी दीड लाखाच्या पुढे विकला जात होता. त्याची कमाल किंमत जीएसटी सोडून 54,720 रुपये ठरवण्यात आली. रुग्णालयाचं बिल वेगळं, पण ऑपरेशन मध्यमवर्गाच्या आवाक्यात यायला याची मदत झाली.

त्यानंतरच्या दोन घडामोडी साठीतल्या लोकांना थेट लागू होतात. ऑक्टोबर 2024 मध्ये आयुष्मान भारत योजना 70 वर्षं पूर्ण झालेल्या सगळ्यांना, उत्पन्नाची अट न ठेवता, खुली झाली. त्यामुळे 'सत्तरीपर्यंत थांबू, मग कार्डावर करू' असा हिशोब घराघरांत सुरू झाला. दुसरी घडामोड म्हणजे वजन कमी करणारी इंजेक्शनं. त्यातल्या सेमाग्लुटाइड या औषधाच्या भारतातल्या पेटंटची मुदत मार्च 2026 पर्यंतचीच. त्यामुळे 'वजन उतरवा, गुडघा वाचवा' हा प्रचारही जोरात आहे.

'ग्रीस संपलं' म्हणजे नेमकं काय?

गुडघ्यातलं ग्रीस संपलं, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. प्रत्यक्षात हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचं आवरण असतं. ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये, म्हणजे सांध्याच्या झिजेच्या आजारात, हे आवरण पातळ होतं. हाडाच्या कडेला टोकं वाढतात आणि सांध्याच्या आतल्या पापुद्र्याला सूज येते. सोबत मांडीचे स्नायू अशक्त होतात. बऱ्याच जणांमध्ये गुडघ्याची आतली बाजू आधी झिजते आणि पाय हळूहळू धनुष्यासारखे बाहेर वाकायला लागतात.

कूर्चेत वेदना जाणवणाऱ्या नसा नसतात. दुखणं येतं ते हाडातून, सुजलेल्या पापुद्र्यातून आणि आजूबाजूच्या स्नायू-अस्थिबंधांतून. म्हणूनच एक्स-रे आणि दुखणं यांचा मेळ अनेकदा बसत नाही. एक्स-रेमध्ये चौथी, म्हणजे शेवटची पायरी असलेला माणूस बाजारहाट करून येतो, तर दुसऱ्या पायरीवरच्या माणसाला जिना नको होतो. 'फोटोत हाडाला हाड लागलंय' या एका वाक्यावर ऑपरेशन ठरत असेल, तर आणखी प्रश्न विचारायला हवेत. खुब्याचा सांधा झिजला असेल तरीही दुखणं गुडघ्यात जाणवू शकतं. त्यामुळे तपासणीत खुबाही पाहिला गेला का, हेही विचारा.

ऑपरेशन की व्यायाम? एका अभ्यासानं काय दाखवलं?

या वादात डेन्मार्कमधला एक अभ्यास फार महत्त्वाचा आहे. तो 2015 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला. सांधेबदलासाठी पात्र ठरलेले 100 रुग्ण त्यात होते, सरासरी वय 66. चिठ्ठी टाकावी तसे त्यांचे दोन गट पाडले. एका गटाचं ऑपरेशन झालं आणि त्यानंतर 12 आठवड्यांचा कार्यक्रम. दुसऱ्या गटाला फक्त तो कार्यक्रम मिळाला: देखरेखीखालचा व्यायाम, आहाराचा सल्ला, बुटात घालायचे इनसोल, गरजेपुरती वेदनाशामकं आणि आजाराची माहिती.

वर्षभरानंतर दुखणं, हालचाल आणि रोजचं जगणं यांना 100 पैकी गुण दिले. ऑपरेशनच्या गटात सरासरी 32.5 गुणांची सुधारणा दिसली, कार्यक्रमाच्या गटात 16 गुणांची. म्हणजे ऑपरेशनचा फायदा जवळपास दुप्पट. जाहिरातवाले इथेच थांबतात, पण चित्राची दुसरी बाजूही आहे. कार्यक्रमाच्या गटातल्या साधारण तीन-चतुर्थांश लोकांनी त्या वर्षात ऑपरेशन करून घेतलंच नाही. दोन वर्षांनंतरही दर तिघांपैकी साधारण दोघं ऑपरेशनविना होते. गंभीर त्रासाच्या घटना ऑपरेशनच्या गटात 24 घडल्या, दुसऱ्या गटात 6. पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी होणं, गुडघा आखडून बसणं असे प्रकार त्यात होते.

या अभ्यासाची एक मर्यादा लक्षात ठेवायला हवी. खूप तीव्र वेदना असलेल्यांना त्यात घेतलंच नव्हतं. त्यामुळे निष्कर्ष मधल्या माणसाला लागू होतो, ज्याला त्रास आहे, पण जो अजून चालता-फिरता आहे. अशा माणसानं आधी 12 आठवडे नीट प्रयत्न केला तर गमावण्यासारखं फारसं काही नसतं. ऑपरेशनचा पर्याय नंतरही असतोच.

'नीट प्रयत्न' कसा दिसतो? एक उदाहरण

समजा, डोंबिवलीत राहणाऱ्या 64 वर्षांच्या एक काकू आहेत. वजन 78 किलो, उंची 155 सेंटिमीटर, म्हणजे बीएमआय साधारण 32. एक्स-रेमध्ये तिसरी पायरी. स्टेशनचा जिना उतरताना कठडा धरावा लागतो, जमिनीवर मांडी घालणं दोन वर्षांपूर्वीच सुटलंय. रात्री झोप लागते. दुखलं की मेडिकलमधून गोळी आणून घेतात. "व्यायाम करून बघितला, उपयोग नाही," असं त्या सांगतात. विचारलं तर कळतं, युट्युबवर बघून चार दिवस पाय उचलले होते.

चार दिवसांच्या व्यायामावरून काहीच ठरत नाही. स्नायू बळकट व्हायला सहा ते आठ आठवडे लागतात आणि भार हळूहळू वाढवावा लागतो.

सुरुवात एका साध्या चाचणीनं होते. हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची, हात छातीवर घडी घालून बसायचं आणि 30 सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजायचं. जवळ कुणीतरी उभं असावं. 60 ते 64 वयाच्या बाईला 12 पेक्षा कमी वेळा जमलं, तर पायातली ताकद वयाच्या मानानं कमी धरतात. काकूंना 8 वेळा जमतं. हा आकडा वहीत लिहून ठेवायचा.

मग आठवड्यातून तीन दिवस, एक दिवस आड, पुढचे व्यायाम:

- खुर्चीतून उठणं-बसणं. जड जात असेल तर खुर्चीवर जाड उशी ठेवून उंची वाढवायची आणि ताकद आली की उशी काढायची.
- पाठीवर झोपून, गुडघे वाकवून कंबर वर उचलणं. यानं नितंबाचे आणि मांडीच्या मागचे स्नायू बळकट होतात.
- जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर कठडा धरून एक पाय ठेवणं, वर चढणं आणि सावकाश खाली येणं.
- ओट्याला धरून टाचा उचलणं.

प्रत्येक व्यायाम दहा वेळा, थोडं थांबून पुन्हा दहा वेळा. शेवटचे दोन-तीन जड वाटले पाहिजेत. सहज पंधरा होऊ लागले की व्यायाम थोडा अवघड करायचा. पहिल्या काही वेळा फिजिओथेरपिस्टसमोर केलेलं बरं, कारण पायरी चढताना गुडघा आत वळतो का, हे स्वतःला दिसत नाही.

सगळ्यात जास्त लोक व्यायाम सोडतात ते दुखण्याच्या भीतीनं. दुखतंय म्हणजे आणखी झिजतंय, असं वाटतं. डेन्मार्कच्या कार्यक्रमांत यासाठी एक सोपा नियम वापरतात. दुखण्याला शून्य ते दहा असे गुण द्या. व्यायाम करताना पाचपर्यंत दुखलं तरी चालेल, पण 24 तासांत ते नेहमीच्या पातळीवर परत यायला हवं. दुसऱ्या दिवशीही गुडघा जास्त दुखत किंवा सुजलेला असेल, तर प्रमाण जास्त झालं. पुढच्या वेळी कमी करा, बंद नको.

जिन्यासाठीही एक युक्ती आहे. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. काठी वापरायची तर ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात. बरेच जण ती दुखऱ्या बाजूलाच धरतात आणि तिचा फायदा कमी होतो.

गोळ्यांचं काय? डायक्लोफेनॅकसारखं वेदनाशामक जेल गुडघ्यावर लावणं हा पहिला पर्याय मानला जातो. त्याच प्रकारच्या गोळ्या महिनोन्महिने स्वतःच्या मनानं घेतल्या तर पोट, किडनी आणि रक्तदाब यांना धोका असतो. काकूंना बीपी असेल तर ही सवय आधी डॉक्टरांना सांगायला हवी. ब्रिटनच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनी ग्लुकोसामाइनच्या गोळ्या आणि गुडघ्यात द्यायची 'जेल'ची इंजेक्शनं देऊ नयेत, असंच म्हटलंय.

वजन: एका किलोचा हिशोब

अमेरिकेतल्या वेक फॉरेस्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी 2005 मध्ये गुडघे झिजलेल्या, वजनदार ज्येष्ठांच्या चालण्याचा अभ्यास केला. शरीराचं वजन एक किलोनं कमी झालं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोनं कमी होतो, असं त्यात दिसलं. काकूंनी 78 पैकी 8 किलो, म्हणजे दहा टक्के कमी केले, तर दर पावलाला सुमारे 32 किलोंचा भार उतरतो. दिवसाला तीन-चार हजार पावलं धरली, तर फरक किती पडेल ते लक्षात येतं.

पण नुसत्या व्यायामानं एवढं वजन उतरत नाही. याच विद्यापीठाचा 454 लोकांवरचा दीड वर्षाचा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. फक्त व्यायाम करणाऱ्यांचं वजन दोनेक टक्के घटलं, तर आहार आणि व्यायाम दोन्ही करणाऱ्यांचं 11 टक्क्यांच्या आसपास. दुखणंही दुसऱ्या गटात जास्त कमी झालं. म्हणजे वजन उतरतं ते मुख्यतः ताटातून, आणि ते पेलायची ताकद येते व्यायामातून.

काकूंच्या ताटात बघायच्या गोष्टी ओळखीच्याच आहेत. चारच्या चहासोबतचं फरसाण, महिन्याला घरात येणारं तेल, उपवासाची साबुदाणा खिचडी, रात्री नऊनंतरचा भात. आठवड्याला साधारण अर्धा किलो उतरणं ठीक आहे. त्याहून झपाट्यानं, उपाशी राहून उतरवलं तर चरबीबरोबर स्नायूही जातात आणि गुडघ्याला आधार त्या स्नायूंचाच असतो. म्हणून प्रत्येक जेवणात डाळ, उसळ, दही, पनीर, अंडं किंवा मासे यांपैकी काहीतरी हवं. किडनीचा आजार असेल तर किती, हे डॉक्टरांना विचारून ठरवायचं.

आता इंजेक्शनांकडे वळू. 2024 मध्ये सेमाग्लुटाइडचा गुडघेदुखीवरचा एक अभ्यास न्यू इंग्लंड जर्नलमध्येच आला. लठ्ठपणा आणि गुडघ्याची झीज असलेल्या 407 जणांवर तो 68 आठवडे चालला. औषध घेणाऱ्यांचं वजन सरासरी 13.7 टक्के कमी झालं, खोटं इंजेक्शन घेणाऱ्यांचं 3.2 टक्के. दुखण्याच्या 100 पैकी गुणांत औषधाच्या गटात जवळपास 42 ची घट झाली, तर दुसऱ्या गटात 27.5 ची. फरक खरा आहे. पण सरासरी वय 56 होतं आणि बीएमआय 30 च्या वर असलेलेच लोक त्यात होते. शिवाय दोन्ही गटांना आहार-व्यायामाचा सल्ला मिळत होता. या औषधामुळे ऑपरेशन टळतं का, हे या अभ्यासानं तपासलंच नाही. औषध थांबवलं की वजन परत वाढू लागतं, हेही इतर अभ्यासांत दिसलंय. त्यामुळे बीएमआय 26 असलेल्या काकांनी गुडघ्यासाठी हे इंजेक्शन मागण्यात अर्थ नाही.

तीन महिन्यांनंतर कसं ठरवायचं?

12 आठवड्यांनी काकू पुन्हा वही उघडतात. समजा खुर्चीतून उठणं 8 वरून 12 वर गेलंय, वजन 78 वरून 74 वर आलंय, स्टेशनचा जिना कठड्याला नुसता हात लावून उतरता येतोय आणि गोळी आठवड्यातून एखादी लागतेय. अशा वेळी ऑपरेशन पुढे ढकलण्यात तथ्य आहे, कारण दिशा चांगली आहे. कूर्चा परत आलेली नसते आणि एक्स-रे तसाच असतो. बदललेलं असतं ते काकूंचं जगणं. दर तीन-चार महिन्यांनी हीच मोजणी करत राहायची.

आता उलट चित्र. तीन महिने प्रामाणिकपणे करूनही दुखण्यानं रात्री जाग येते. दोनशे-तीनशे मीटरवर थांबावं लागतं. पाय पूर्ण सरळ होत नाही, गादीवर झोपलं तरी गुडघ्याखाली फट राहते. पायाचा बाक वाढतोय. तोल जाऊन एकदा पडणं झालंय. बाहेर जाणं बंद झाल्यानं वजन वाढतंय. इथे थांबणं महागात पडतं. ऑपरेशनआधी माणूस जितका हालता-चालता असतो, तितकं नंतरचं चालणं चांगलं असतं. पूर्ण खचल्यावर ऑपरेशन केलेले लोकही सुधारतात, पण वेळेत केलेल्यांच्या बरोबरीला अनेकदा पोहोचत नाहीत.

आणि एका गोष्टीची वाट अजिबात बघायची नाही. गुडघा अचानक गरम, लाल होऊन सुजला आणि ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायला हवं. तो जंतुसंसर्ग असू शकतो.

"आधी वजन कमी करा, मगच ऑपरेशन" हे बरोबर आहे का?

अनेकांना असं सांगून परत पाठवलं जातं. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या आणि खुबा-गुडघा शल्यचिकित्सकांच्या संघटनांनी 2023 मध्ये यावर एकत्र सूचना दिल्या. मध्यम ते तीव्र झीज असेल, त्रास खूप असेल आणि इतर उपाय करून झाले असतील, तर केवळ वजनाचा ठराविक आकडा गाठण्यासाठी ऑपरेशन लांबवू नये, असं त्यात म्हटलंय. मात्र मधुमेह नीट आटोक्यात नसेल तर साखर सुधारेपर्यंत आणि तंबाखू-सिगारेट चालू असेल तर ती कमी किंवा बंद होईपर्यंत थांबावं. या दोन्हींमुळे जखम भरायला वेळ लागतो आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. मिश्री लावणाऱ्या आजींनाही हे लागू होतं, कारण मिश्री म्हणजे तंबाखूच.

तसंच गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं असेल, तर ऑपरेशन साधारण तीन महिने तरी पुढे ठेवतात. तारीख ठरवताना डॉक्टरांना हे आठवणीनं सांगा.

मग सत्तरीची वाट बघायची का?

लवकर ऑपरेशन करायला लोक घाबरतात, त्याचं एक कारण म्हणजे कृत्रिम सांधा किती टिकेल ही शंका. 2019 मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या आढाव्यानुसार पूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी साधारण 82 टक्के 25 वर्षांनंतरही टिकून असतात. 2017 च्या ब्रिटनमधल्या दुसऱ्या अभ्यासात दिसलं, की सत्तरीनंतर ऑपरेशन केलेल्यांना आयुष्यात पुन्हा सांधा बदलावा लागण्याची शक्यता पाच टक्क्यांच्या आसपास असते. पन्नाशीच्या सुरुवातीला केलेल्या पुरुषांमध्ये मात्र ती 35 टक्क्यांपर्यंत जाते. म्हणजे 52 व्या वर्षी थांबण्याला जे वजन आहे, ते 66 व्या वर्षी तितकं उरत नाही.

ऑपरेशननंतर सगळेच खूश असतात असंही नाही. साधारण दर पाच जणांत एकाचं दुखणं बऱ्याच काळानंतरही उरतं. ज्यांना मुळात कमी त्रास होता, त्यांना मिळणारा फायदाही कमी असतो. मांडी घालून बसणं किंवा भारतीय पद्धतीचं शौचालय वापरणं नंतर जमेलच असं नाही. घरात हे महत्त्वाचं असेल तर आधीच स्पष्ट विचारा.

आयुष्मानच्या कार्डासाठी थांबायचं का, हा पैशाचा प्रश्न आहे आणि तो खोटा नाही. वय 69 असेल, गुडघा साथ देत असेल आणि व्यायाम चालू असेल, तर वर्षभर थांबण्यानं फारसं बिघडत नाही. पण 63 व्या वर्षी पाय वाकत चाललाय आणि घराबाहेर पडणं बंद झालंय, अशा स्थितीत कार्डासाठी सात वर्षं थांबणं म्हणजे ती सात वर्षं आणि पायातली ताकद दोन्ही गमावणं. त्याआधी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत, सरकारी रुग्णालयात किंवा असलेल्या विमा पॉलिसीत हे ऑपरेशन बसतं का, ते विचारा. योजनेतल्या रुग्णालयात बसणारे आरोग्यमित्र ही माहिती देतात. जुन्या पॉलिसीत सांधेबदलासाठी काही वर्षांची प्रतीक्षा असते, ती तारीखही तपासून घ्या.

पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना एक्स-रेसोबत तीन आकडे लिहून न्या: 30 सेकंदांत किती वेळा उठता येतं, न थांबता किती चालता येतं आणि आठवड्याला किती गोळ्या लागतात. तीन महिन्यांपूर्वीचे हेच आकडे शेजारी असतील, तर थांबायचं की नाही, यावर बोलणं बरंच सोपं होतं.

(ही माहिती सर्वसाधारण स्वरूपाची आहे. उपचार, औषधं किंवा व्यायाम सुरू करण्याआधी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.)